सिरप थांबवा, गोळी नाही

नमस्कार मॅडम,
माझं वय ३६. दोन वर्षांपासून नैराश्यासाठी रोज सकाळी फ्लुओक्सेटिन ४० मिलिग्रॅम घेते आणि त्यावर माझं चांगलं चाललं आहे. मागच्या आठवड्यात सर्दी गेली, पण कोरडा खोकला राहिला. दुकानातून सिरप आणलं, १० मिली दिवसातून तीनदा. पहिल्या दिवशी नुसती झोप येत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर जमीन हलल्यासारखी वाटली, भिंत धरून चालावं लागलं. हात थरथरतात, घाम येतो, दिवसभर पेंग येते आणि रात्री मात्र डोळा लागत नाही, पाय झटके देतात. दुकानात माणसं उभी होती म्हणून नैराश्याच्या गोळीचं बोलले नाही. खोकला तर थांबायला हवा. गोळी दोन-तीन दिवस बंद ठेवून सिरपची बाटली संपवू का?

ताई,

तुमचं पत्र वाचल्याबरोबर मी फोन केला होता आणि तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. सिरपचा पुढचा डोस घ्यायचा नाही, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि आजच्या आज डॉक्टरांना दाखवायचं, तेही कोणाला तरी सोबत घेऊन, स्वतः गाडी न चालवता. तुम्ही तसं केलंत आणि आता बऱ्या आहात, हे कळून जीव भांड्यात पडला. सविस्तर उत्तर इथे द्यायला तुम्ही परवानगी दिलीत म्हणून लिहिते आहे. गोळी थांबवून सिरप संपवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. तो सरळ वाटतो, पण नेमका उलटा आहे.

आधी तुमचं सिरप पाहू. लेबलचा फोटो तुम्ही पाठवला होता. दर ५ मिलीमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड १० मिलिग्रॅम आणि क्लोरफेनिरामिन मॅलिएट २ मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या १० मिलीच्या डोसात डेक्स्ट्रोमेथॉर्फन २० मिलिग्रॅम, दिवसाला ६०. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा १२० मिलिग्रॅम धरतात. तुम्ही त्याच्या निम्म्यावर होतात. झाकण भरून मोजून घेत होतात, चमच्याने अंदाजे नाही. प्रमाणात तुमची काहीच चूक नव्हती, हे मी मुद्दाम सांगते, कारण फोनवर तुम्ही दोनदा म्हणालात की "मीच जास्त घेतलं असणार." नाही घेतलंत. शरीरात मात्र ते जास्त झालं, आणि ते कसं झालं हेच समजून घ्यायचं आहे.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन घशावर काम करत नाही. मेंदूच्या देठात खोकल्याची उबळ जिथे ठरते, त्या केंद्राला ते थोडं बधिर करतं. म्हणजे हे मेंदूवर काम करणारं औषध आहे, खोकल्याच्या बाटलीत मिळतं इतकंच. एरवी ते अंगावर येत नाही, कारण लिव्हर त्याला टिकू देत नाही. पोटातून ते लिव्हरमध्ये पोहोचतं तेव्हाच त्याचा मोठा भाग मोडला जातो, आणि उरलेला पुढच्या काही तासांत. हे काम प्रामुख्याने एक एन्झाइम करतं. त्याचं लांबलचक नाव आहे सीवायपी-टू-डी-सिक्स. नाव विसरलात तरी चालेल, पण हे औषध बाहेर पडण्याचा मोठा दरवाजा तोच आहे, एवढं लक्षात ठेवा.

आणि फ्लुओक्सेटिन हाच दरवाजा बंद करतं. ही त्याच्या मूळ कामाशी संबंध नसलेली सवय आहे. नैराश्यात तुम्हाला जो फायदा होतो त्याच्याशी या दरवाज्याचं काही देणंघेणं नाही. तुम्ही दोन वर्षं गोळी घेताय, म्हणजे दोन वर्षं तो दरवाजा जवळजवळ बंद आहे. आजवर काही बिघडलं नाही, कारण त्या दरवाज्यातून जायला कोणी आलंच नव्हतं. सिरप आलं आणि आत अडकलं.

हा हिशोब मी वहीच्या पानावर करून पाहिला, तुम्हीही करून पाहा. दरवाजा उघडा असलेल्या माणसात डेक्स्ट्रोमेथॉर्फन साधारण चार तासांत निम्मं होतं. आठ तासांनी, म्हणजे पुढच्या डोसाच्या वेळी, एक चतुर्थांश उरतं. २० घेतले तर ५ उरले. त्यात पुढचे २० पडले की २५. मग सहा-साडेसहा उरले, पुन्हा २० घेतले, तर २६. पुढे कितीही दिवस घेतलं तरी आकडा २७ च्या आत फिरत राहतो.

आता दरवाजा बंद असलेल्या माणसाचं बघा. त्याच्यात निम्मं व्हायलाच सुमारे एक दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. आठ तासांनी २० मधले १६ तसेच असतात. दुसऱ्या डोसानंतर ३६, तिसऱ्यानंतर ४८-४९. दुसऱ्या दिवशी सकाळचा डोस पडल्यावर ५८, रात्रीपर्यंत ७३. तिसऱ्या दिवशी सकाळी ७८. तुम्ही भिंत धरलीत ती सकाळ हीच. हा हिशोब ढोबळ आहे आणि खरं तर सौम्यच आहे, कारण लिव्हरच्या पहिल्या फेरीत जो मोठा भाग एरवी मोडला जातो तोही तुमच्या बाबतीत सुटून रक्तात गेला. तो यात धरलेलाच नाही.

म्हणूनच या प्रकारात संशय यायला उशीर होतो. पहिला डोस निभावून जातो, दुसराही जातो, आणि माणूस म्हणतो की औषध मला मानवलं. तिसऱ्या दिवशी त्रास झाला तर दोष विषाणूला जातो, अशक्तपणाला जातो, नैराश्य परत आलं असं वाटतं, पण तीन दिवस मुकाट्याने साचत गेलेल्या सिरपकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आता तुमचा प्रश्न. गोळी दोन-तीन दिवस थांबवली तर दरवाजा उघडेल का? नाही उघडणार. फ्लुओक्सेटिन शरीरात फार काळ राहणारं औषध आहे. नियमित घेणाऱ्यात ते निम्मं व्हायलाच चार ते सहा दिवस लागतात. त्याचं लिव्हरमध्ये जे रूपांतर होतं, नॉरफ्लुओक्सेटिन, ते आणखी रेंगाळतं, आठवडाभर किंवा त्याहून जास्त, आणि तेही तोच दरवाजा अडवून धरतं. फ्लुओक्सेटिन थांबवल्यावर त्याचा असर पूर्ण जायला डॉक्टर पाच आठवडे मोजतात. तीन दिवसांत तुम्ही गोळी सोडलेली असती, दरवाजा तसाच बंद राहिला असता, आणि वरून सिरपचे आणखी नऊ डोस साचले असते. त्रास कमी व्हायच्या ऐवजी आणखी वाढू शकला असता.

एक गोष्ट बाकीच्या वाचकांसाठी सांगते. प्रत्येक नैराश्याची गोळी फ्लुओक्सेटिनइतकी रेंगाळत नाही. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन अचानक थांबवलं तर दोन-तीन दिवसांतच चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होऊ शकतात. मग चक्कर सिरपची की गोळी सोडल्याची, हे तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही पटकन कळणार नाही. खोकल्याचं सिरप सोडलं तर काय होईल? खोकला येईल. इतकंच. दोन्हीतलं एक सोडायचं असेल तर कोणतं सोडायचं, हे इथेच ठरतं.

पहिल्या दिवशी नुसती झोप येत होती, त्याकडे वळू. ती बहुतांशी क्लोरफेनिरामिनची. ही जुन्या पिढीतली अॅलर्जीची गोळी, नाक गळणं थांबवण्यासाठी सिरपमध्ये घालतात. ती मेंदूत शिरते आणि पेंग आणते. तुमच्या डोसात ती दिवसाला १२ मिलिग्रॅम जात होती, जे प्रमाणात आहे, पण झापड यायला पुरेसं आहे. तिचा काही भागही त्याच दरवाज्यातून बाहेर पडतो, त्यामुळे तीही तुमच्या अंगात नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिली असणार. कोरड्या खोकल्याला तिचा फारसा उपयोग नसतो. तुमचं नाक तर तेव्हा गळतही नव्हतं.

जमीन हलल्यासारखं वाटणं, तोल जाणं, हे डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं. ज्याचा दरवाजा उघडा आहे त्यालाही या सिरपने थोडी चक्कर किंवा गुंगी येऊ शकते, ती काही तासांत उतरते आणि डोस थांबवला की संपते. काही माणसांत तर जन्मतःच हे एन्झाइम काम करत नाही. कोणतीही गोळी चालू नसताना दोन झाकणांत भोवळ आली असं सांगणारा माणूस नाजूक किंवा नाटकी नसतो, त्याचा दरवाजा मुळातच बंद असू शकतो. अशा माणसाने हे औषध पुन्हा घेऊ नये आणि डॉक्टरांना तसं सांगून ठेवावं.

पण तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीने मी लगेच फोन उचलला ती चक्करेची नव्हती. हात थरथरतात, घाम येतो, रात्री पाय झटके देतात, ही ती ओळ. गुंगीचं औषध जास्त झालं तर माणूस ढिला पडतो. त्याला कापरं भरत नाही, पाय उडत नाहीत. पेंग येतेय आणि तरी शरीर आतून ताणलेलं आहे, स्वस्थ पडवत नाही, हे दुसऱ्याच गोष्टीचं लक्षण आहे. ती गोष्ट म्हणजे सेरोटोनिन.

फ्लुओक्सेटिन मेंदूतल्या पेशींना सेरोटोनिन परत उचलू देत नाही, म्हणून ते दोन पेशींच्या मधल्या जागेत जास्त राहतं. नैराश्यात आपल्याला तेच हवं असतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन थोड्या प्रमाणात हेच करतं, आणि हे काम त्याचं मोडलं न गेलेलं मूळ रूप करतं. म्हणजे जे तुमच्यात साचत होतं तेच. एकाच गोळीने दोन बाजूंनी घोळ केला. सिरप बाहेर जाऊ दिलं नाही, आणि साचलेलं सिरप ज्या ठिकाणी काम करतं तिथे आधीपासून स्वतः बसून होती. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर गेलं की नसा उत्तेजित होतात. हात कापतात, घाम फुटतो, नाडी धावते, पोट बिघडून जुलाब होऊ शकतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, स्नायू आपोआप उडतात, मन सैरभैर होतं. डॉक्टर याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात.

डॉक्टरांनी तुमचा पाय धरून काय केलं ते तुम्हाला कळलं नाही असं तुम्ही म्हणालात. त्यांनी गुडघा थोडा वाकवून तुमचं पाऊल एका झटक्यात वर ढकललं आणि तसंच धरून ठेवलं. निरोगी माणसाचं पाऊल तिथेच थांबतं. सेरोटोनिन वाढलेलं असेल तर हाताखाली पाऊल ठक ठक ठक आपोआप खालीवर होत राहतं. त्याला क्लोनस म्हणतात. तुमचं पाऊल दोन ठोके देऊन थांबलं. गुडघ्यावर हातोडी मारली तेव्हा मात्र पाय नेहमीपेक्षा जोरात उडाला. ताप नव्हता, नाडी ९६ होती, बोलणं ठिकाणावर होतं. थरथर आणि जोरात उडणारा पाय, सोबत सेरोटोनिन वाढवणारी औषधं, एवढ्यावर त्यांनी सौम्य स्वरूपाचं सेरोटोनिन सिंड्रोम असं निदान केलं. ते रक्ताच्या एखाद्या तपासणीवरून होत नाही, असंच हातांनी आणि डोळ्यांनी होतं. म्हणून डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी सांगणं फार गरजेचं असतं. यादी नसेल तर कापणारे हात पाहून कोणालाही आधी घबराटच आठवेल.

त्यांनी तुम्हाला काही तास बसवून ठेवलं, तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलले आणि फ्लुओक्सेटिन तसंच चालू ठेवलं, कारण जास्तीची भर सिरपने घातली होती आणि ती थांबली होती. हा निर्णय त्यांनी तपासून घेतला. त्रास याहून जास्त असता तर त्यांनी सेरोटोनिन वाढवणारं प्रत्येक औषध काही काळ थांबवलं असतं, तुमची गोळीसुद्धा, आणि तुम्हाला भरती करून घेतलं असतं. गोळी कधीच थांबवायची नसते असं माझं म्हणणं नाही. ती घरी बसून, बाटली संपवण्यासाठी थांबवायची नसते.

ताप चढत गेला, अंग ताठ झालं, स्नायू थांबेचनात असे उडू लागले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, फिट आली, तर वाट बघायची नाही. तो तातडीच्या विभागाचा विषय आहे. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊन बघू, असंही करायचं नाही. हा ताप संसर्गाचा नसतो, सतत आवळलेल्या स्नायूंमधून तयार झालेल्या उष्णतेचा असतो, आणि पॅरासिटामॉल त्याला उतरवत नाही. जाताना सिरपची बाटली आणि गोळ्यांचं पाकीट दोन्ही सोबत न्यायचं.

भीती किती बाळगायची, हेही सांगते. ठरलेल्या प्रमाणात घेतलेल्या सिरपने आणि साध्या डोसातल्या गोळीने गंभीर प्रकार क्वचितच होतो. अनेकांनी दोन्ही सोबत घेतलेली असतात आणि त्यांना थोड्या झोपेपलीकडे काही जाणवलेलं नसतं. धोका वाढतो तो दरवाजा घट्ट बंद करणाऱ्या गोळीसोबत, दिवसांमागून दिवस डोस चालू राहिल्यावर, किंवा खोकला थांबत नाही म्हणून कोणी झाकणामागून झाकण घेत गेलं तर. शिवाय सर्दीच्या काही गोळ्यांतही डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. सिरप आणि गोळी दोन्ही घेतली की नकळत दुप्पट होतं.

आता गोळ्यांची नावं, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाचं पाकीट वेगळं असेल. दरवाजा घट्ट बंद करणाऱ्यांत फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन आणि बुप्रोपिऑन. ड्युलॉक्सेटिन मध्यम. सेरट्रालीन कमी डोसात थोडंसं, डोस वाढला तर जास्त. एसिटालोप्रॅम दरवाज्याला फारसा हात लावत नाही, पण सेरोटोनिन तेही वाढवतं, म्हणून त्यालाही पूर्ण मोकळीक नाही. बुप्रोपिऑनचं याच्या उलट आहे. ते स्वतः सेरोटोनिन वाढवत नाही, पण दरवाजा बंद करून सिरप साचवतं.

हे साचणं किती खरं आहे याचा पुरावा औषधांच्या जगातच आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नैराश्यासाठी एका गोळीला मंजुरी दिली, जिच्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि बुप्रोपिऑन मुद्दाम एकत्र केलेले आहेत. बुप्रोपिऑनने दरवाजा बंद करायचा आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन रक्तात टिकवायचं, हाच त्या गोळीचा गाभा. तिथे डोस ठरलेला असतो, तो हळू वाढवला जातो आणि डॉक्टरांची नजर असते. तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेमकं तेच मिश्रण तयार झालं होतं, फक्त ते कोणी ठरवलेलं नव्हतं.

एक गट मात्र असा आहे की तिथे "जपून" हा शब्दही लावायचा नाही, सिरप घ्यायचंच नाही. फेनेल्झिन, ट्रॅनिलसायप्रोमिन ही जुन्या धाटणीची नैराश्याची औषधं आणि पार्किन्सनसाठी दिली जाणारी सेलेजिलीन, रासाजिलीन. ही औषधं सेरोटोनिन मोडणारं एन्झाइमच बंद करतात. ती थांबवल्यावरही १४ दिवस डेक्स्ट्रोमेथॉर्फन चालत नाही. लिनेझोलिड नावाचं प्रतिजैविकही हाच गुण बाळगून आहे, आणि ते घेणारा माणूस अनेकदा खोकतच असतो, म्हणून त्याचा उल्लेख मुद्दाम केला.

तुमच्या खोकल्याचं काय करायचं? सर्दीनंतरचा कोरडा खोकला सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो. आठवड्यात गेला पाहिजे अशी आपली समजूत असते, म्हणून दहाव्या दिवशी माणूस बाटली आणायला निघतो. साध्या सर्दीच्या खोकल्यात या सिरपचा फायदाही बेताचाच असतो. तुम्हाला जास्त त्रास रात्रीच्या ढासेचा आहे, तर झोपताना एक-दोन चमचे मध घ्या, उशी थोडी उंच करा, दिवसा कोमट पाणी घोट घोट पीत राहा आणि घसा कोरडा पडला की साधी चघळायची गोळी तोंडात धरा, पण तिच्याही पाकिटावरची नावं वाचून. कोडीनचं सिरप मागू नका. कोडीनचं मॉर्फिन त्याच दरवाज्यात होतं, आणि तुमच्यात ते नीट होणार नाही, म्हणजे असर कमी आणि बद्धकोष्ठता पदरात. तीन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, श्वासाला धाप लागली, बेडक्यात रक्त दिसलं, वजन उतरलं किंवा ताप परतला, तर मग खोकला दाबायचा नसून त्याचं कारण शोधायचं असतं. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी तर आधी तीच डॉक्टरांना दाखवावी, कारण कोरडा खोकला तिच्यानेही होतो.

तुम्हाला पूर्ण मोकळं वाटायला चार दिवस लागले, त्याचं उत्तरही वरच्या हिशोबात आहे. शेवटच्या डोसानंतर ८५ च्या आसपास होतं. दुसऱ्या दिवशी ४२, मग २१, मग १०. झोप पहिल्यांदा सुधारली आणि हाताची थरथर सगळ्यात शेवटी गेली, हे तुम्ही सांगितलंत. ते दिवस गाडी न चालवता काढलेत ते योग्यच केलंत.

आता काउंटरवरच्या त्या क्षणाबद्दल. मी कितीतरी वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी आहे आणि एक खंत मला आजही आहे. एक गृहस्थ खोकल्याचं सिरप मागायला आले. मी विचारलं, "आणखी काही औषधं चालू आहेत का?" ते मागे वळून रांगेकडे बघून म्हणाले, "नाही, काही नाही." मी बाटली दिली. पाच दिवसांनी त्यांची पत्नी आली, हातात पॅरोक्सेटिनचं पाकीट, आणि हे पडले म्हणून विचारत होती. ते मागे वळून बघणं मला तेव्हा दिसलं होतं. दोन पावलं बाजूला घेऊन, आवाज खाली करून पुन्हा विचारायला हवं होतं. त्या दिवसापासून मी रांगेसमोर तो प्रश्न विचारत नाही. म्हणून तुम्ही बोलला नाहीत याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. जिथे सांगता येईल अशी जागा करून देणं आमचं काम आहे.

पण प्रत्येक काउंटरवर तशी जागा मिळेलच असं नाही, त्यामुळे तोंडाने न बोलता सांगायची सोय करून ठेवा. गोळ्यांच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा, जिथे औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. फार्मासिस्टपुढे फोन धरा आणि एवढंच म्हणा, "याच्यासोबत चालेल असं द्या." आजाराचं नाव घ्यावं लागत नाही. फ्लुओक्सेटिन नैराश्याखेरीज इतर कारणांसाठीही देतात, मागे उभ्या असलेल्याला काही कळत नाही, आणि आम्हाला हवं ते सगळं कळतं.

बाटली घेताना पुढचं मोठं नाव पाहून घेऊ नका. एकाच नावाने कोरड्या खोकल्याचं वेगळं आणि कफाच्या खोकल्याचं वेगळं अशी दोन-तीन सिरपं मिळतात, फरक शेवटच्या एक-दोन अक्षरांत असतो. बाटली फिरवून बारीक अक्षरांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन आहे का ते शोधा. आणि पुढे कधी डॉक्टरांनी तुमची गोळी बदलली तरी पहिले पाच आठवडे फ्लुओक्सेटिन चालूच आहे असं धरून चाला.

उरलेली बाटली तुम्ही फ्रिजच्या दारात ठेवली आहे म्हणालात, यजमानांना खोकला झाला तर उपयोगी पडेल म्हणून. त्यांना दुसरं कोणतंही औषध चालू नाही, तेव्हा ठेवायला हरकत नाही. फक्त तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावा आणि पेनने ठळक लिहा, "फ्लुओक्सेटिनसोबत नाही", खाली तुमचं नाव. रात्री दोन वाजता ढास लागली की लेबल कोणी वाचत नाही, पण आपल्या हाताने लिहिलेलं अक्षर अंधुक उजेडातही दिसतं.